आभारप्रदर्शन (स्थानिक व्यावसायिक सभेतील)

अभियंते, वास्तुविशारद, डॉक्टर, करसल्लागार अशा एकाच व्यवसायातील माणसांच्या स्थानिक सभेत शेवटी होणारे, साधारण 2 ते 3 मिनिटांचे बोलणे. स्वागत, प्रास्ताविक, व्याख्यान, प्रश्नोत्तरे आणि असल्यास अध्यक्षीय समारोप झाला की आभार येतात. नंतर चहा, काही ठिकाणी आधी राष्ट्रगीत. लग्नातल्या किंवा सत्कार समारंभातल्या आभारांपेक्षा याचे काम वेगळे असते. इथे तीच माणसे पुढच्या महिन्यात पुन्हा यावीत अशी अपेक्षा असते आणि वक्ता बहुधा मानधन न घेता आलेला असतो.

प्रत्यक्षात हे काम उरलेल्या सभासदाच्या गळ्यात पडते. व्याख्यान संपता संपता सूत्रसंचालक त्याच्या हातात नावांची चिठ्ठी देतो. मग ‘वेळात वेळ काढून आले’, ‘मौलिक मार्गदर्शन केले’, ‘आभार न मानता ऋणात राहणेच पसंत करू’ ही वाक्ये ओळीने येतात. त्यात चूक काहीच नसते, पण ती कोणत्याही वक्त्याला लागू पडतात. वक्त्याला त्यातून एवढेच कळते, की बोलणाऱ्याने भाषण ऐकले असेल किंवा नसेलही. श्रोत्यांचे म्हणाल तर ‘ऋणात’ हा शब्द कानावर पडताच खुर्च्या सरकू लागतात.

उपाय साधा आहे: आभार मानणारा आदल्या दिवशीच ठरवावा. त्याने पुढच्या रांगेत बसून तीनच गोष्टी टिपाव्यात. वक्त्याचे एक नेमके विधान, त्यामुळे आपल्या कामात होणारा एक बदल आणि श्रोत्यांतून आलेला एक चांगला प्रश्न. बाकीची नावे आधीच लिहून, उच्चार विचारून ठेवता येतात.

उदाहरणार्थ, तालुक्याच्या गावी स्थापत्य अभियंत्यांची मासिक सभा आहे आणि विषय आहे स्लॅबचे क्युअरिंग, म्हणजे नवे काँक्रीट काही दिवस ओले ठेवणे. वक्त्याने आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातील तरतूद समजावली: साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, पण पीपीसीसारखे मिश्र सिमेंट असेल तर किमान 10 दिवस ओलावा सलग टिकला पाहिजे. यावर ‘क्युअरिंगविषयी बहुमोल माहिती दिली’ म्हणणे म्हणजे विषयाचे नाव परत सांगणे. त्याऐवजी आभार मानणारा म्हणतो, “सर, आमच्या साइटवर पीपीसीच येतं आणि आठव्या दिवशी पाणी मारणारा माणूस दुसऱ्या कामावर जातो. सोमवारपासून तो दहा दिवस तिथंच राहील.” सभागृहात हसू फुटते, कारण निम्म्यांच्या साइटवर तेच चाललेले असते. वक्त्याला आपले बोलणे कुठे पोचले ते दिसते.

पुढचे वाक्य प्रश्नकर्त्यासाठी. “उतरत्या स्लॅबवर आळी करून पाणी थांबत नाही, मग काय करायचं, हा मागच्या रांगेतला प्रश्न आला म्हणून ओल्या गोणपाटाची गोष्ट निघाली.” प्रश्न विचारणारा बहुधा नवखा असतो. त्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले की चहाच्या वेळी त्याच्याशी बोलायला कोणीतरी जातेच. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येईल की नाही, हे बरेचसे त्या कपभर चहावर ठरते. मात्र प्रश्नाने एखाद्याची साइटवरची चूक उघडी पडली असेल, तर त्याचा उल्लेख टाळावा.

नावांच्या यादीत सर्वाधिक घोटाळे होतात. पंधरा नावे वाचली तर सोळावे राहते आणि तेवढेच लक्षात राहते. म्हणून नावापेक्षा काम सांगावे: प्रोजेक्टरची वायर चालेना तेव्हा घरून दुसरी आणणारा, सभागृहाची किल्ली घेऊन साडेपाचलाच येऊन थांबलेला. पदाधिकाऱ्यांनी एकमेकांचे आभार मानणे गाळले तरी चालते. प्रायोजक असल्यास एक वाक्य पुरे. त्याच्या मालाची तारीफ सुरू झाली की आभारांची जाहिरात होते.

दुसरा दोष म्हणजे व्याख्यानाचा सारांश सांगत बसणे. त्यात हमखास काहीतरी चुकते आणि वक्त्याला दुरुस्ती करण्यासाठी पुन्हा माइक घ्यावा लागतो. व्याख्यान खरोखरच फसले असेल तर खोटी स्तुती श्रोत्यांना लगेच कळते. अशा वेळी वक्त्याने आणलेला एखादा फोटो किंवा साइटवरचा अनुभव घेऊन तेवढ्यावरच बोलावे.

शेवटी पुढच्या सभेचा दिवस, वेळ आणि विषय सांगतात. विषय आजच्या चर्चेत अर्धवट राहिलेल्या प्रश्नातून निघाला तर अधिक चांगले. वरच्या सभेत तो ‘उन्हाळ्यातले काँक्रीट’ असू शकतो, कारण कोरड्या, उष्ण हवेसाठी त्याच मानकात मुदत वाढवलेली आहे. वक्त्याला पुन्हा बोलावायचे असल्यास ते व्यासपीठावरून जाहीर करू नये. चारचौघांत त्याला नाही म्हणता येत नाही. चहाचा कप हातात देताना विचारावे.