रिकाम्या खोलीतला पलंग: फोटोत माप कसं चुकतं

घोडबंदर रोड असो वा खारघर, रिकाम्या फ्लॅटच्या फोटोत सोफा-पलंग बसवून जाहिरात करणं आता रुळलं आहे. पूर्वी कापलेलं चित्र हाताने तिरकं करावं लागे. 2005 मध्ये फोटोशॉप सीएस2 मध्ये व्हॅनिशिंग पॉइंट हे साधन आलं आणि फरशीवर जाळी आखली की चित्र त्या कोनात बसू लागलं. प्रकाशाचं उत्तर 1998 च्या संशोधनातच होतं: खोलीत चकचकीत गोळा ठेवून त्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो घ्यायचे आणि प्रत्येक दिशेचा उजेड मोजायचा. रोजच्या कामात मात्र खिडकी कुठे आहे ते पाहून सावली रंगवली जाते.

कोन आणि उजेडाचे प्रश्न सुटले, तरी वाद राहिला तो मापाचा. फर्निचर किती मोठं दाखवायचं हे अजूनही बसवणारा ठरवतो.

10 बाय 11 फुटांची बेडरूम घेऊ. फरशी दोन फुटांची असेल, तर 10 फुटांच्या भिंतीलगत पाच फरश्या बसतात. दरवाजा साधारण तीन फूट रुंद, म्हणजे दीड फरशी. त्यावरून फरशीचं माप पडताळता येतं. पाच फुटी डबलबेडने अडीच फरश्या व्यापायला हव्यात. तो मध्ये ठेवला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. एका बाजूला दोन फूट खोल कपाट आलं की तिथे अर्धाच फूट राहतो, दार उघडत नाही. पलंग भिंतीला सरकवावाच लागतो. तोच पलंग फोटोत दोन फरश्यांवर बसवला, तर तो चार फुटांचा झाला आणि खोली ऐसपैस दिसली. कोन आणि सावली दोन्ही बरोबर असल्यामुळे डोळ्याला काहीच खटकत नाही. माझ्या मते ही सजावट नाही, मापाची फसवणूक आहे.

उंचीची खूणही आहे. कॅमेरा चार फुटांवर सरळ धरला असेल, तर फरशीच्या समांतर रेघा लांबवल्यावर जिथे मिळतात, तिथून जाणारी आडवी रेघ खोलीभर चार फुटांची उंची दाखवते. अडीच फुटांच्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग दिसला पाहिजे, सात फुटी कपाटाचा दिसता कामा नये.

1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्यात जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण ती प्रवर्तकाविरुद्ध, म्हणजे बिल्डरविरुद्ध आहे. वाशीतला किंवा नौपाड्यातला जुना फ्लॅट मालक विकतो, तेव्हा त्याच्या फोटोतल्या चार फुटी पलंगाला ती लागू होत नाही. तिथे फरश्या मोजणं खरेदीदाराकडेच राहतं.