पुरणपोळीचे चित्रीकरण वरून करताना: कॅमेरा, फोकस आणि आवाज
(स्टँड व मायक्रोफोन भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पाककृतीचे वर्ग घेणारे पुण्यातील आमचे अनेक ग्राहक कॅमेरा थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर लावू पाहतात. ओट्याखाली कपाटे व ट्रॉल्या असल्याने स्टँडचा पाय आत सरकत नाही, आणि ओट्याच्या कडेला क्लॅम्प लावल्यास मिक्सर सुरू होताच चित्र थरथरते. त्यामुळे पोळी लाटण्याचा भाग जेवणाच्या टेबलावर आणि तव्यावरचा भाग वेगळा, बाजूने चित्रित करावा, असे आम्ही सुचवतो. तव्याच्या थेट वर धरलेल्या लेन्सवर तुपाचा थर बसतो. तो चित्रीकरण करताना जाणवत नाही, नंतर मात्र सारे चित्र धुकट दिसते.

पुढील उदाहरणात टेबल 75 सेंटिमीटर उंचीचे आहे, कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा आहे आणि लेन्स 35 मिलिमीटरची आहे. लेन्स टेबलापासून 90 सेंटिमीटर उंच ठेवल्यास चौकटीत सुमारे 60 सेंटिमीटर रुंद आणि 34 सेंटिमीटर उंच भाग येतो. मधोमध पोळपाट, एका बाजूला पुरणाचे गोळे आणि दुसऱ्या बाजूला पिठीची वाटी एवढे त्यात नीट मावते.

सी-स्टँडचा सर्वांत उंच पाय आडव्या दांड्याच्या दिशेने, म्हणजे कॅमेऱ्याच्या खाली येईल असा ठेवावा आणि वाळूची पिशवी त्याच पायावर टांगावी. दांडा ज्या सांध्यात धरला जातो, त्याचा स्क्रू कॅमेऱ्याच्या वजनाने सैल न होता घट्ट होईल अशा बाजूने तो बसवावा. उलट बसवलेला दांडा हळूहळू खाली झुकतो. एक किलोचा कॅमेरा सांध्यापासून 100 सेंटिमीटरवर असेल, तर मागच्या टोकाला 25 सेंटिमीटरवर चार किलो वजन लावून तो तोलता येतो. याशिवाय कॅमेरा दांड्याला मजबूत दोरीने बांधून ठेवावा, कारण खाली माणसाचे हात असतात.

सर्वाधिक तक्रारी फोकसबद्दल येतात. ऑटोफोकस चालू असला, की लाटणे किंवा हात लेन्सच्या जवळ येताच कॅमेरा त्यांच्यावर फोकस करतो आणि हात बाजूला गेल्यावर पुन्हा पोळीकडे वळतो. अशा वेळी पोळपाटाची कड किंचित लहान-मोठी झाल्यासारखी दिसते. ही खूण ओळखावी. उपाय सोपा आहे. पोळपाटावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून, पडद्यावरील चित्र मोठे करून त्याची अक्षरे स्पष्ट होईपर्यंत हाताने फोकस जुळवावा आणि मग ऑटोफोकस बंदच ठेवावा. आयफोन वापरत असल्यास पडद्यावर बोट दाबून धरावे; AE/AF LOCK अशी अक्षरे दिसली, की फोकस व प्रकाश दोन्ही स्थिर होतात.

लेन्सचे छिद्रही महत्त्वाचे आहे. f/2 ठेवल्यास पोळपाटाच्या वर जेमतेम दोन सेंटिमीटरपर्यंतच चित्र स्पष्ट राहते आणि लाटणारी बोटे धूसर होतात, तर f/8 ठेवल्यास ही मर्यादा आठ सेंटिमीटरच्या आसपास जाते. अर्थात f/8 ला प्रकाश अधिक लागतो. तो दोन्ही बाजूंनी द्यावा, म्हणजे कॅमेऱ्याची सावली पोळीवर पडत नाही. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावे, अन्यथा घरातील दिव्यांमुळे चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात.

संपूर्ण चित्र हलत असेल, तर दांडा तपासावा. केवळ पोळपाट सरकत असेल, तर त्याखाली ओले फडके पुरते.

आवाज कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर सोडू नये. तोंडापासून 80 सेंटिमीटरवर असलेल्या मायक्रोफोनला 20 सेंटिमीटरवर लावलेल्या मायक्रोफोनपेक्षा सुमारे 12 डेसिबल कमी आवाज मिळतो. पंख्याची घरघर आणि फरशीवरून परतणारा घुमारा मात्र तेवढाच येतो. म्हणून कॉलर मायक्रोफोन वापरावा आणि तो छातीच्या मधोमध लावावा, कारण लाटताना मान खाली झुकलेली असते. साडी नेसल्यास तो पदरावर न लावता ब्लाउजच्या काठाला लावावा, मंगळसूत्र त्यावर घासणार नाही हे पाहावे आणि बांगड्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवाव्यात. सर्वांत मोठ्या आवाजातील वाक्य बोलून पाहावे व पातळी -12 डेसिबलच्या आसपास ठेवावी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असल्यास सुरुवातीला कॅमेऱ्याखाली एकदा टाळी वाजवावी. पुढे त्या टाळीवरून चित्र व आवाज जुळवता येतात.

पंखा आणि फ्रिज चित्रीकरणापुरते बंद करावेत. फ्रिज पुन्हा सुरू करण्याची चिठ्ठी कॅमेऱ्यालाच चिकटवून ठेवलेली बरी. स्टँड नेण्यासाठी दुकानात येताना टेबलाची उंची, खोलीच्या छताची उंची आणि कॅमेऱ्याचे लेन्ससह वजन मोजून आणावे, म्हणजे योग्य लांबीचा दांडा व पुरेशी वजने देता येतील.