माशीचं फेरोमोन बनवायचंय, पण डबल बॉन्ड सिस हवा

घरमाशीची मादी नराला खेचायला जे केमिकल सोडते त्याचं नाव सिस-९-ट्रायकोसीन, १९७१ मध्ये ते ओळखलं गेलं आणि आज माश्यांच्या सापळ्यात वापरतात. २३ कार्बनची सरळ साखळी, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये डबल बॉन्ड, आणि तो सिसच हवा. बनवायचं कसं?

एक सोपा रस्ता १-डेकाइनपासून निघतो. हा १० कार्बनचा अल्काइन, ट्रिपल बॉन्ड अगदी टोकाला, म्हणून टोकाच्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो आणि तो बेसने काढता येतो. साध्या अल्केनचा पीकेए ५० च्या आसपास, याचा मात्र २५ च, कारण ट्रिपल बॉन्डच्या कार्बनची ऑर्बिटल निम्मी एस असते, त्यामुळे मागे राहिलेले इलेक्ट्रॉन न्यूक्लियसच्या जवळ बसतात आणि तो निगेटिव्ह चार्ज झेपतो. तरी कॉस्टिक सोडा इथे काही कामाचा नाही, पाण्याचा पीकेए १५.७ आहे म्हणजे पाणीच जास्त अ‍ॅसिडिक, तयार झालेला अ‍ॅसिटिलाइड लगेच प्रोटॉन परत घेणार. सोडामाइड किंवा ब्युटिल लिथियम लागतं, आणि भांडं कोरडं ठक्क.

मग त्यात १-ब्रोमोट्रायडेकेन घालायचं, १० आणि १३ मिळून २३ झाले. ब्रोमाइड प्रायमरीच घ्या, कारण अ‍ॅसिटिलाइड जबर बेसही आहे, सेकंडरी ब्रोमाइड दिलं तर तो जोडणी सोडून हायड्रोजन ओढत बसतो आणि हातात बहुतेक अल्कीन येतं. जोडणी झाली का हे आयआरमध्ये कळतं, ३३०० जवळचा टोकाच्या हायड्रोजनचा टोकदार पीक गायब व्हायला हवा.

आता खरी निवड, मधल्या ट्रिपल बॉन्डचा डबल करायचा कशाने. लिंडलार कॅटलिस्ट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवरचं पॅलेडियम जे शिशाने मुद्दाम अर्धवट मारलेलं असतं, सोबत थोडं क्विनोलीन. दोन्ही हायड्रोजन धातूच्या पृष्ठभागावरून एकाच बाजूने चढतात, म्हणून सिस. साधं पॅलेडियम ऑन कार्बन घेतलं तर ते डबल बॉन्डवर थांबतच नाही, थेट अल्केन. लिंडलारलाही मोकाट सोडू नका हं, एक मोल अल्काइनला एक मोल हायड्रोजन गेला की बंद करा.

सोडियम आणि लिक्विड अमोनिया वापरलं असतं तर उलटं झालं असतं. तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकेक करून येतात, मधल्या टप्प्यात दोन लांब साखळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि ट्रान्स मिळतं. पुष्कळ पोरं इथे सोडियम आणि सोडामाइड यांची गल्लत करतात, एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा फक्त प्रोटॉन ओढतो. ट्रान्स शिरलंय का बघायला परत आयआरच, ९६५ च्या आसपास ठळक पीक दिसला तर माल भेसळीचा.