हार्मोनिकचं उत्तर पडताळणं (दोन्ही टोकांना बांधलेली तार आणि एका टोकाला उघडी नळी)

दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार किंवा एक टोक बंद आणि एक उघडं असलेली नळी, दोन्हींमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच स्थिर तरंग उभा राहतो, आणि गणितात बहुतेक वेळा हार्मोनिकचा नंबर, फंडामेंटल फ्रिक्वेन्सी किंवा लांबी यातलं काहीतरी एक विचारलेलं असतं. आलेलं उत्तर बरोबर आहे का हे त्याच सूत्रात आकडे परत घालून कळत नाही, कारण सूत्रच चुकीचं निवडलं असेल तर ते मुकाट्याने तेच आकडे परत देणार. म्हणून पडताळणी दुसऱ्या वाटेने करायची, म्हणजे टोकांपाशी काय घडतंय तिथून सुरुवात करून.

तारेची दोन्ही टोकं हलू शकत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे नोड येतो आणि लांबीत अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण तुकडे बसावे लागतात, L = nλ/2, n कुठलाही पूर्णांक चालतो. नळीत बंद टोकाला हवा हलत नाही म्हणून नोड आणि उघड्या टोकाला ती मोकळी असते म्हणून अँटिनोड, त्यामुळे लांबीत पाव तरंगलांबीचे तुकडे बसतात आणि तेही विषम संख्येनेच, L = nλ/4, n = 1, 3, 5 वगैरे. सम हार्मोनिक अशा नळीत नसतोच, तेव्हा उत्तर "चौथा हार्मोनिक" असं आलं तर पुढचं काही बघायची गरज नाही, ते चूक आहे.

आता एक उदाहरण नीट बघू. एका टोकाला उघड्या नळीत ३५० हर्ट्झ आणि ४९० हर्ट्झ अशा लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींना आवाज घुमतो, हवेतला ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद घ्या, तर फंडामेंटल किती आणि नळी किती लांब? फरक १४० हर्ट्झ. तारेची सवय असलेला माणूस इथे पटकन म्हणतो की फरक म्हणजेच फंडामेंटल, १४० हर्ट्झ, आणि L = v/2f लावून लांबी काढतो, १.२२५ मीटर. आणि गंमत अशी की ही लांबी बरोबर आहे! नळीच्या खऱ्या हिशोबात लागोपाठचे हार्मोनिक दोन-दोनने पुढे जातात, म्हणून फरक फंडामेंटलच्या दुप्पट असतो, फंडामेंटल ७० हर्ट्झ, आणि L = v/4f ने लांबी पुन्हा १.२२५ मीटरच येते. दोन्हीकडे लागोपाठचा फरक v/2L इतकाच असतो, त्यामुळे फक्त लांबी ताडून बघणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही, फंडामेंटल मात्र दुप्पट लिहिलेली राहते.

ती पकडायची सोपी रीत म्हणजे दिलेल्या फ्रिक्वेन्सीला फरकाने भागायचं. ३५० भागिले १४० म्हणजे २.५. पूर्णांक आला असता तर तार (किंवा दोन्हीकडे उघडी नळी) म्हणता आलं असतं, पूर्णांक आणि वर अर्धा आला की एक टोक बंद असलेली नळी, आणि त्या २.५ ची दुप्पट म्हणजे ५ हाच हार्मोनिकचा नंबर. पुढची ४९० म्हणजे सातवा. भागाकार या दोन्हीत बसत नसेल, समजा १.२५ वगैरे आला, तर बहुधा मधली एक फ्रिक्वेन्सी सुटलेली असते. याच नळीत ४९० न दिसता ३५० नंतर थेट ६३० नोंदवली तर फरक २८० होतो आणि भागाकार बरोबर १.२५ येतो. प्रयोगातल्या आकड्यांत थोडी चूकभूल असणारच, २.४७ आला तर तो २.५ च धरायचा, पण २.३ ला ओढूनताणून २.५ करू नये, त्यापेक्षा मोजणी परत करावी.

यानंतर चित्र काढून बघावं, मला स्वतःला ही तपासणी सगळ्यात भरवशाची वाटते. पाचव्या हार्मोनिकला λ = 4L/5, म्हणजे ०.९८ मीटर. बंद टोकापासून दर अर्ध्या तरंगलांबीला नोड हवा, म्हणजे ०, ०.४९ आणि ०.९८ मीटरवर. शेवटच्या नोडपासून उघडं टोक ०.२४५ मीटरवर राहतं, ते बरोबर पाव तरंगलांबी, म्हणजे तिथे अँटिनोड पडतो आणि उत्तर बसतं. हेच चित्र १४० हर्ट्झ फंडामेंटल धरून काढायला गेलात तर ३५० हा अडीचावा हार्मोनिक होतो, आणि असा काही प्रकार नसतो. एक लक्षात असू द्या, हे नोड हवेच्या हालचालीचे आहेत, दाबाचे बरोबर उलट असतात. नळीत छोटा मायक्रोफोन सरकवत नेला तर बंद टोकाशी त्याला सगळ्यात जोरात आवाज मिळतो, कारण तो दाब मोजतो, तेवढ्यावरून उत्तर चुकलं असं समजू नये.

प्रश्नातला "लागोपाठ" हा शब्द मात्र नजरेआड करू नका. ७० हर्ट्झ फंडामेंटल असलेली तारसुद्धा ३५० आणि ४९० देते, मधली ४२० फक्त दिसली नाही एवढंच, आणि तार बरोबर मध्यावर छेडली तर सम हार्मोनिक खरंच उमटत नाहीत कारण त्यांचा नोड मध्यावरच असतो. म्हणजे ५:७ हे प्रमाण एकटं नळी सिद्ध करत नाही, सगळ्या फ्रिक्वेन्सी नोंदल्या आहेत याची खात्री हवी.

तारेच्या गणितात चूक बहुधा वेगात असते. ०.५ मीटर तार, ताण ८० न्यूटन, दर मीटरला वस्तुमान २ ग्रॅम, तर v = √(T/μ) ने वेग २०० मीटर प्रति सेकंद आणि तिसरा हार्मोनिक ६०० हर्ट्झ. ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे राहिले तर तोच साधारण १९ हर्ट्झ येतो, म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येईल न येईल असा, अर्धा मीटर ताणलेल्या तारेला हे शोभत नाही. दुसरी चूक म्हणजे तारेच्या सूत्रात हवेतला ३४३ घालणं. तारेवर λ ०.३३ मीटर आहे, तोच सूर हवेत गेला की फ्रिक्वेन्सी ६०० च राहते पण λ ०.५७ मीटर होते, कारण वेग बदलला.

ओव्हरटोन विचारला असेल तर नंबर परत तपासा, तारेचा पहिला ओव्हरटोन दुसरा हार्मोनिक असतो, या नळीचा तिसरा.

आणि वरच्या नळीची लांबी पट्टीने मोजलीत तर ती १.२२५ पेक्षा थोडी कमीच भरेल. उघड्या टोकाला तरंग तोंडापाशीच थांबत नाही, साधारण ०.६ त्रिज्येइतका बाहेर जातो, म्हणून २ सेंटीमीटर त्रिज्येची नळी प्रत्यक्षात १.२१३ मीटरच्या आसपास असेल. हा फरक चूक नाही. पण पट्टीवरची लांबी हिशोबातल्या लांबीपेक्षा जास्त निघाली तर या दुरुस्तीने ते समजावता येत नाही, मग वेग बघावा, कारण हवा गरम असली की तो दर अंशाला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो आणि ३४३ हा आकडा २० अंश सेल्सिअसचा आहे.