आवाज तुटतोय? नेटला शिव्या देण्याआधी हे बघा

रविवारची सकाळ. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात आजी जुना लॅपटॉप उघडून बसल्यात. लेक पुण्याहून, नातू बंगळूरहून कॉलवर आहे. पाच मिनिटांत नातू म्हणतो, "आजी, तुझा आवाज तुटतोय." सगळे नेटला दोष देतात. पण त्याच वायफायवर फोनवरून केलेला कॉल व्यवस्थित चालत असेल, तर दोष बहुधा नेटचा नाही. मेमरीचा, म्हणजे रॅमचा आहे.

खात्री करून घ्या. कॉल चालू असताना Ctrl+Shift+Esc दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात Memory आणि Disk या दोन रकान्यांवर नजर ठेवा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रोग सापडला. ४ जीबीच्या मशीनवर निम्म्याच्या आसपास मेमरी विंडोज १० स्वतःलाच घेते. उरलेल्यात ब्राउझर, अँटिव्हायरस आणि कॉल मावला नाही, की विंडोज मेमरीतला काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. अडचण वेगाची आहे. मेमरीतून एखादी गोष्ट काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. इकडे आवाज साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो. डिस्कवर लागोपाठ चार-पाच खेपा झाल्या, की तेवढ्यात दोन-तीन तुकड्यांची वेळ टळते. नातवाला ऐकू येते ती हीच कुरकुर.

दुसरा भार प्रोसेसरवर पडतो, तो पार्श्वभूमी धूसर करण्याचा. ती काही रंगीत काच नव्हे. दर चित्रात माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे संगणकाला नव्याने शोधावं लागतं. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे एका चित्रामागे जेमतेम ३३ मिलिसेकंद. नवा प्रोसेसर हे सहज करतो. जुना दोन कोरचा i3 त्यातच गुंतून पडतो, पंखा घोंघावतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. म्हणून पहिलं काम हेच: धूसरपणा, खोटी पार्श्वभूमी, चेहरा उजळवणं, सगळं बंद. झूममध्ये पार्श्वभूमीच्या जागी None निवडा. एकदा लावलेला इफेक्ट पुढच्या कॉललाही आपोआप लागतो, त्यामुळे "मी तर काही लावलंच नाही" यावर विसंबू नका. मागे पसारा दिसत असेल, तर लॅपटॉप भिंतीकडे वळवा.

मग येणारं चित्र लहान करा. गुगल मीटमध्ये तीन ठिपक्यांतून Settings, मग Video, आणि पाठवायचं व यायचं दोन्ही चित्र 360p वर ठेवा. ७२० च्या एका चित्रात सव्वानऊ लाख ठिपके असतात, ३६० च्या चित्रात सव्वादोन लाखांच्या आसपास. काम जवळजवळ चौथाईवर येतं. सगळ्यांच्या चौकटी एकदम दाखवणारी मांडणीही सोडा. बोलणाऱ्याचं एकच मोठं चित्र पुरतं. खिडक्यांच्या सरकण्या-उघडण्याचे विंडोजचे इफेक्ट Win+R दाबून `sysdm.cpl` लिहिलं, की Advanced मधून बंद करता येतात, पण कॉलला त्याचा फायदा थोडाच.

आता वेब आवृत्ती. मीट ब्राउझरमध्येच चालतं. झूमचं मात्र वेगळं ॲप असतं, आणि ब्राउझर आधीच उघडा असताना ते सुरू करणं म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं. झूमची लिंक उघडल्यावर खाली Join from Your Browser दिसतं, ते निवडा. नाही दिसलं, तर लिंकमधला `/j/` काढून तिथे `/wc/join/` टाका:

```
https://zoom.us/wc/join/मीटिंग-क्रमांक
```

क्रमांक इंग्रजी आकड्यांतच लिहा. बोलावणाऱ्याने ही सोय बंद ठेवली असेल तर ॲपशिवाय गत्यंतर नाही. मग निदान त्यातलं HD बंद करा आणि ब्राउझर मिटवा. आणि वेब आवृत्ती म्हणजे जादू नव्हे. कॉलची एक टॅबसुद्धा काही शे एमबी खाते, म्हणून बाकीच्या टॅबा बंदच हव्यात. ब्राउझरमध्ये Shift+Esc दाबलं, की कोणती टॅब किती खाते ते दिसतं.

लॅपटॉप सुरू केल्या केल्या कॉल लावू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं अपडेट आणि अँटिव्हायरस डिस्क ढवळत असतात.

हे सगळं करूनही मेमरी ९० च्या खाली येत नसेल, तर Ctrl+Shift+Esc च्याच खिडकीत Performance मध्ये Memory उघडा. तिथे Slots used: 1 of 2 असं दिसलं, तर ४ जीबीची आणखी एक पट्टी बसायला जागा आहे. दुकानात जाण्याआधी लॅपटॉपचं मॉडेल लिहून घ्या किंवा जुनी पट्टीच सोबत न्या: डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.