रूट न करताही बँकेच्या ॲपला कळतं कसं?

एमजी रोडवर मोबाइल दुरुस्तीला टाकून उभे राहिलात की एक सल्ला कानावर पडतो: बूटलोडर अनलॉक करा, कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाका, जुना फोन नव्यासारखा पळेल, बँकेचं ॲप अडलंच तर रूट लपवायचं. सातपूरच्या माझ्या एका मित्राने यातला पहिला भाग केला. कंपनीचे अपडेट बंद झालेल्या फोनवर त्याने लिनिएजओएस नावाचं कस्टम रॉम टाकलं. फोन छान चालला, पण यूपीआयचं ॲप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून बंद होई. गंमत म्हणजे त्याने फोन रूट केलाच नव्हता, म्हणजे अँड्रॉइडवरचे सर्वाधिकार घेतलेच नव्हते. मग लपवायचं काय?

फोन चालू होतो तेव्हा पहिल्यांदा धावतो तो प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्राम. तो बदलता येत नाही. तो बूटलोडरवरची, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामवरची, कंपनीची डिजिटल सही तपासतो, आणि मग बूटलोडर पुढच्या भागांवरची सही तपासतो. अडचण येते ती अँड्रॉइडच्या मुख्य सिस्टीमपाशी. ती कित्येक जीबींची असते. दर वेळी सगळी वाचून तपासायची तर फोन सुरू व्हायला फार वेळ लागेल.

त्यावरचा उपाय मला फार आवडतो. समजा सिस्टीम ४ जीबीची आहे. तिचे ४०९६ बाइटांचे तुकडे केले की १०,४८,५७६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ३२ बाइटांचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढायचा. असे १२८ ठसे एका तुकड्यात मावतात, म्हणून वरच्या पातळीवर ८,१९२ तुकडे उरतात, त्यांच्या ठशांचे ६४, आणि त्यांच्या वर एकच. त्या शेवटच्या तुकड्याच्या ठशावर कंपनीची सही असते. आता सगळं आधी तपासायची गरज नाही. जो तुकडा वाचायचा, त्याच्यापासून शेंड्यापर्यंतची वाट तेवढी जुळवायची. खाली एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही आणि तो तुकडा वाचलाच जात नाही.

अनलॉक करणं म्हणजे बूटलोडरला ‘सही जुळली नाही तरी जाऊ दे’ असं सांगणं. त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. चोराने स्वतःची सिस्टीम घालून तुमचा डेटा वाचू नये, म्हणून ही सोय. यापुढे फोन प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दाखवतो आणि त्याची अवस्था ‘ऑरेंज’ होते.

ही अवस्था बूटलोडर अँड्रॉइड सुरू होण्याआधीच प्रोसेसरमधल्या एका बंदिस्त भागाला कळवतो. त्या भागात एक गुप्त किल्ली असते. बँकेचं ॲप गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणी सेवेमार्फत विचारणा करतं, तेव्हा तो भाग ‘फोन लॉक आहे की नाही’ हे स्वतःच्या सहीने लिहून देतो. अँड्रॉइडला त्या कागदात खाडाखोड करता येत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट छापला जातो. विमानतळावरचा अधिकारी तुमच्या शब्दावर नाही, त्या छपाईवर विश्वास ठेवतो, तसंच हे. मित्राच्या फोनच्या कागदावर ‘अनलॉक’ लिहिलं होतं, बस्स. काही ॲप्स हे विचारतच नाहीत, ती चालतात.

लपवण्याचे ‘जुगाड’ दुसऱ्या फोनांतून फुटलेल्या किल्ल्या वापरतात. गुगल त्या रद्द करत राहतं, म्हणून आज चाललेलं उद्या बंद पडतं. शिवाय त्यासाठी अनोळखी माणसाच्या मॉड्यूलला रूटचे अधिकार द्यावे लागतात, तेही पैसे असलेल्या फोनवर! व्हिडिओंत ‘शंभर टक्के सेफ’ म्हणणाऱ्यांना हे सांगायचं सुचत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. अनलॉक फोन काही मिनिटं कुणाच्या हाती आणि केबल जोडलेला असेल, तर त्यात फेरफार केलेली बूट फाइल घालता येते. डेटा एन्क्रिप्ट असतोच, पण पुढच्या वेळी पिन तुम्हीच टाकता. उलट, अपडेट बंद झालेला फोन वापरणंही काही निर्धोक नाही. लिनिएजओएसमुळे अँड्रॉइडच्या त्रुटी बुजतात. मोडेमचं आणि त्या बंदिस्त भागाचं फर्मवेअर मात्र बहुधा जुनंच राहतं.

‘पुन्हा लॉक करून टाकू’ असं म्हणत कस्टम रॉम असतानाच लॉक केलं, तर बहुतेक फोन सुरूच होत नाहीत. आधी कंपनीचं संपूर्ण मूळ फर्मवेअर घालायचं, तेही शक्यतो जुन्या आवृत्तीचं नाही, कारण अनेक फोन मागे जायला नकार देतात. ते नीट सुरू होतं याची खात्री झाली की मगच लॉक करायचं. तेव्हाही डेटा पुसला जातो. वॉरंटीत असल्या फेरफारांमुळे झालेला बिघाड बहुतेक कंपन्या धरत नाहीत. सॅमसंगच्या फोनांत तर अनधिकृत फर्मवेअर घातल्यावर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज कायमचा उडतो. मूळ फर्मवेअर घालूनही तो पूर्ववत होत नाही.

सेकंडहँड फोन घेताना म्हणूनच तो आपल्यासमोर बंद करून पुन्हा चालू करायला लावा आणि इशारा दिसतो का ते पाहा. लॅपटॉप जवळ असेल तर बूटलोडरमध्ये नेऊन बऱ्याच फोनांत हे विचारता येतं:

```
fastboot getvar unlocked
```

उत्तर `yes` आलं, तर त्यावर बँकेचं ॲप चालेल असं गृहीत धरून भाव ठरवू नका.