एका शॉकअपला किती तेल आणि कोणतं? पुढच्या फोर्कमधल्या आकड्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात शंभर-सव्वाशे सीसीची गाडी सात-आठ वर्षं चालली की पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, बसतो. मागे दुधाचे कॅन, ऊस वाहतुकीनं उखडलेले रस्ते, पावसाळ्यात चिखल आणि वर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप. स्पीडब्रेकरवरून उतरताना ‘खट्’ असा आवाज यायला लागतो. मग ठरलेला इलाज होतो: फोर्क उघडायचा, इंजिन ऑइलच्या डब्यातलं उरलेलं तेल ओतायचं आणि ‘जरा जास्तच टाक, कडक होईल’ म्हणायचं. ही सवय उगाच पडलेली नाही, तिला इतिहास आहे.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींचा पुढचा भाग गर्डर फोर्कवर असायचा. बाहेर एक स्प्रिंग, आणि ती उसळू नये म्हणून घर्षणाच्या चकत्या, हातानं आवळायच्या. तेलाचा संबंधच नव्हता. १९३५ साली बीएमडब्ल्यूनं आर१२ आणि आर१७ या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलानं दमन होणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला आणि स्प्रिंगची उसळी रोखण्याचं काम नळीतल्या तेलाकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बनलेल्या मॅचलेसलाही असाच फोर्क आला, आणि युद्धानंतर तो सर्वसामान्य झाला. आपल्याकडे बुलेट आणि जावा याच जातीच्या. राजदूत १७५ मात्र वेगळी: तिला पुढे स्विंगआर्मसारखी लांब लिंक होती.

त्या काळी फोर्कसाठी वेगळं तेल मिळणं दुर्मीळ होतं. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तकांत एसएई २० किंवा ३० इंजिन ऑइलच सांगितलेलं असे, आणि ते चालायचंही, कारण गाडी जड, स्प्रिंग जाड आणि तेलाची भोकं त्या हिशेबानं पाडलेली. मेकॅनिकच्या हाताला बसलेली सवय तिथली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्यानं बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हलकी गाडी, बारीक पाइप, मऊ स्प्रिंग आणि तेलही पातळ. फोर्क बदलला, सवय मात्र तीच राहिली.

फरक किती आहे ते बघा. १० नंबरच्या फोर्क ऑइलची चिकटाई ४० अंशाला साधारण ३२ ते ३५ सेंटिस्टोक असते. २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल त्याच तापमानाला १२० च्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट-चौपट. त्यात फोर्क इंजिनासारखा तापत नाही, त्यामुळे ते तेल पातळ व्हायची वेळच येत नाही.

डब्यावरच्या नंबरावरही डोळे झाकून विसंबू नये. इंजिन ऑइलच्या नंबरांना एसएईचं प्रमाण आहे, फोर्क ऑइलच्या नंबरांना तसं सर्वमान्य बंधन नाही. एका कंपनीचं १० नंबर दुसरीच्या १५ च्या जवळ जाऊ शकतं. म्हणून डेटाशीटवर ४० अंशाची सेंटिस्टोक बघायची. १९७५ साली आलेली तेलाच्या चिकटाईची आयएसओ व्हीजी श्रेणी याच तापमानावर बेतलेली आहे. तिच्यातला ३२ हा आकडा नेहमीच्या १० नंबर फोर्क ऑइलला जुळतो.

दाट तेलानं नेमकं काय बिघडतं? या गाड्यांच्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉड असतो, त्याला ठरावीक भोकं असतात आणि तेल त्यांतूनच ये-जा करतं. तेल दाट झालं की दाबलेला फोर्क वर यायला उशीर लागतो. रस्त्यावर ओळीनं रम्बलर आले, तर पहिल्यावर दबलेला फोर्क पूर्ण उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. शेवटी फोर्कला दबायला प्रवास उरतच नाही आणि हँडलला हादरा बसतो. चालवणाऱ्याला वाटतं, अजून मऊ आहे, आणखी दाट टाकू.

दुसरा घोळ मापाचा. तेल जास्त टाकलं की दमन वाढतं, असं नाही. वर अडकलेल्या हवेची जागा कमी होते आणि ती हवा शेवटच्या टप्प्यात जास्तीच्या स्प्रिंगसारखी काम करते. उदाहरण घेऊ. समजा, पुस्तकात एका बाजूला १६० मिली दिलंय, पाइपचा आतला व्यास २५ मिमी आहे, आणि स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबल्यावर तेलाची पातळी पाइपच्या तोंडापासून १८ सेंमी खाली हवी. या पाइपमध्ये १० मिली तेल म्हणजे जवळपास २ सेंमी उंची. आता कुणी ‘थोडं जास्त’ म्हणून १८० टाकलं, आणि नीट न निथळल्यामुळे जुनं १२ मिली आतच राहिलं होतं, तर ३२ मिली जादा झालं. पातळी साडेसहा सेंमी वर चढली. हवेची जागा सुमारे ८८ वरून ५६ मिलीवर आली. बारा सेंमी प्रवासाच्या फोर्कमध्ये शेवटी हवेचा जादा दाब योग्य पातळीच्या मानानं जवळपास दीडपट होतो. तो ऑइल सीलवर जातो आणि महिनाभरात पाइपवर तेलाचं कडं दिसतं. दोष सीलला दिला जातो.

म्हणून मिलीचा आकडा सुरुवातीपुरता घ्यायचा आणि शेवटचा निर्णय पातळीवर. फोर्क हँडलखालच्या टीतून काढण्याआधी, खालचा क्लॅम्प आवळलेला असतानाच वरचा कॅप बोल्ट सैल करायचा, नाहीतर नंतर व्हाइसमध्ये पाइपवर ओरखडे पडतात. स्प्रिंगला दाब असतो, तेव्हा कॅप शेवटच्या आट्याला हातानं दाबून धरायचा. जुनं तेल ओतून टाकून फोर्क उलटा धरून आठ-दहा वेळा वर-खाली करायचा आणि अर्धा तास तसाच निथळत ठेवायचा. नवं तेल सिरिंजनं मोजून घालायचं, हवा निघेपर्यंत हळू पंप करायचा, मग पूर्ण दाबून पट्टीनं पातळी मोजायची. दोन्ही बाजूंत एक-दोन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नये.

बाहेर आलेलं तेलही वाचता येतं. दुधट असेल तर डस्ट सीलमधून पाणी शिरलंय. राखाडी, चमकदार असेल तर अॅल्युमिनियमची भुकटी आहे: बऱ्याच स्वस्त फोर्कमध्ये बदलता येणारा बुश नसतो, पाइप थेट खालच्या अॅल्युमिनियमच्या नळीत, बॉटममध्येच घासतो. अशा बॉटममध्ये कोणतंही तेल खडखड थांबवत नाही, तिथे बॉटमच बदलावा लागतो.

आणि स्प्रिंग. स्वार बसल्यावर पुढचा भाग एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा बराच जास्त खाली जात असेल, किंवा काढलेल्या स्प्रिंगची लांबी मॅन्युअलच्या मर्यादेखाली आली असेल, तर स्प्रिंग बदलायची. तेल उसळीचा वेग आवरतं, गाडीचं वजन उचलत नाही. स्प्रिंग बरोबर असूनही पुढचा ब्रेक धरून दाबून सोडल्यावर फोर्क एकापेक्षा जास्त वेळा उसळत असेल, तरच तेलाची श्रेणी वाढवायचा विचार करायचा. तेही एकाच कंपनीचं १० आणि १५ नंबर निम्मं-निम्मं मिसळून, पातळी तीच ठेवून.